टर्म लगेच घ्या, पण चार वर्षांची एंडोमेंट मोडू नका

प्रश्न: माझं वय ३४. चाकणला एका कंपनीत नोकरी, महिन्याला हातात ५८,००० येतात. बायको घरी असते, मुलगी चार वर्षांची. घरकर्ज १८ लाख बाकी, त्याचा हप्ता १८,५००, घरखर्च ३०,०००. चार वर्षांपूर्वी बायकोच्या मामांकडून एंडोमेंट पॉलिसी घेतली. विमा रक्कम १० लाख, मुदत २१ वर्षं, वर्षाला ५२,०००. चार हप्ते भरलेत, बोनस हजारी ४५ लागतोय. मित्र म्हणतात, सरेंडर कर आणि एक कोटीची टर्म घे. शाखेत सरेंडरचे १,३०,००० सांगितले. मामा म्हणतात, टर्मचे पैसे वाया जातात, त्यापेक्षा मुलीच्या नावाने ३०,००० हप्त्याची अजून एक एंडोमेंट घे. मला वर्षभरापासून बीपीची गोळी चालू आहे. काय करू?

उत्तर: टर्म घ्या, आणि ती या महिन्यात घ्या. मामांची दुसरी पॉलिसी घेऊ नका. पहिली मात्र चालू ठेवा. इथे तुमच्या मित्रांचं मला पटत नाही.

सगळ्यात वाईट शक्यता आधी घेऊ. तुमचं उद्या काही बरंवाईट झालं, तर आजच्या पॉलिसीतून घरच्यांना १० लाख विमा रक्कम आणि चार वर्षांचा जमा बोनस १,८०,००० मिळेल, म्हणजे ११,८०,०००. यातला प्रत्येक रुपया बँकेला दिला तरी कर्जातले सव्वासहा लाखांच्या आसपास उरतातच, आणि घरात पगार येणं थांबलेलं असतं. (कर्ज देताना बँकेने कर्जविमाही काढायला लावला असेल तर त्याची कागदपत्रं शोधा. तसा विमा असेल तर हे चित्र थोडं सुधारेल.) एक कोटीची टर्म असती तर कर्ज फेडून ८२ लाख उरले असते. साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत त्यावर वर्षाला ५,३३,००० व्याज येतं, म्हणजे महिन्याला ४४,०००. आजच्या ३०,००० खर्चाच्या वर जे उरतं ते महागाईसाठी राखून ठेवावं लागेल, म्हणून एक कोटी हा आकडा तुमच्यासाठी फार मोठा नाही.

एंडोमेंटची अडचण तिच्या रचनेतच आहे. बोनस दरवर्षी मूळ विमा रकमेवर लागतो, आधीच्या बोनसवर लागत नाही, त्यामुळे कुटुंबाला मिळणारी रक्कम हळूहळू चढत जाते. आज ११,८०,०००, विसाव्या वर्षी, तुम्ही पन्नाशीला आलात की १९ लाख. पण तोवर मुलगी वीस वर्षांची झालेली असेल आणि कर्जाचा मोठा भाग फिटलेला असेल. गरज सर्वात जास्त असते तेव्हा संरक्षण सर्वात कमी, असा हा उलटा क्रम आहे.

आता मामांचा मुद्दा: माणूस जगला तर टर्ममधून काहीच हाती लागत नाही. खरं आहे, शून्य मिळतं. एंडोमेंटमधून तुम्हाला ५१व्या वर्षी १० लाख आणि २१ वर्षांचा बोनस ९,४५,०००, असे १९,४५,००० मिळतील. शेवटी अंतिम अतिरिक्त बोनस जाहीर झाला तर अजून लाखभर धरा. पुढच्या वर्षांचा बोनस कंपनी दरवर्षी जाहीर करते, त्याची हमी नसते. वर्षाला ५२,००० प्रमाणे एकवीस हप्ते भरून १९,४५,००० मिळाले, तर परतावा वर्षाला पाच टक्क्यांच्या आसपास पडतो, अतिरिक्त बोनस धरला तर साडेपाच. तेच हप्ते पहिल्या दिवसापासून पीपीएफमध्ये गेले असते आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला असता, तर २५ लाखांच्या वर झाले असते. म्हणून नवी एंडोमेंट नको म्हणतो.

मग जुनी का ठेवायची? कारण तुमचा पर्याय चार वर्षांपूर्वीचा राहिलेला नाही. सुरुवातीच्या हप्त्यांतून एजंटचं कमिशन आणि पॉलिसी काढण्याचा खर्च आधीच वळता झालेला आहे. तो सरेंडर केल्याने परत येत नाही. तुम्ही २,०८,००० भरले आणि हातात १,३०,००० येतात, हे त्याचंच बिल. आजपासून पुढचा हिशेब करायचा तर एका बाजूला १,३०,००० आणि सतरा वर्षं ५२,००० पीपीएफमध्ये टाका. (पीपीएफची मर्यादा वर्षाला दीड लाख आहे, त्यामुळे सरेंडरची रक्कम दोन वर्षांत टाकावी लागेल. फरक किरकोळ आहे.) ७.१ टक्क्यांनी त्याचे साधारण २१,५०,००० होतात. दुसऱ्या बाजूला पॉलिसी चालू ठेवली तर १९,४५,०००, किंवा अतिरिक्त बोनस धरून वीस लाखांच्या वर. पुढच्या पैशांवर एंडोमेंट तुम्हाला ६.२ टक्क्यांच्या आसपास देतेय. दोन्हीकडची रक्कम करमुक्त आहे. म्हणजे सतरा वर्षांच्या शेवटी सरेंडरचा फायदा एक-दोन लाखांचा, आणि तोही पीपीएफचा दर खाली आला नाही तर. टर्मचा हप्ता मी यात धरलेला नाही, कारण तो तुम्हाला दोन्हीकडे भरायचाच आहे.

या एक-दोन लाखांसाठी काय सोडावं लागतं, ते बीपीच्या गोळीशी जोडलेलं आहे. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनी कुठल्याही कारणाने तिच्यावर हरकत घेऊ शकत नाही. तुमच्या एंडोमेंटला चार वर्षं झालीत आणि ती घेतली तेव्हा बीपी नव्हतंच. त्यामुळे आज तुमच्या घरच्यांसाठी सर्वात पक्के पैसे तेच ११,८०,००० आहेत. नव्या टर्मची तीन वर्षं मात्र आजपासून मोजली जातील, आणि त्या काळात क्लेम आला तर कंपनी अर्जातलं एकेक उत्तर तपासते. म्हणून फॉर्म स्वतः वाचून भरा, मामांना किंवा वेबसाइटवरच्या मदतनीसाला भरू देऊ नका. बीपी कधी निघालं, गोळीचं नाव, डॉक्टरांचे कागद, तंबाखू किंवा गुटखा असेल तर तोही, सगळं लिहा. वैद्यकीय तपासणी टाळणारी योजना शोधू नका. तपासणी होणं तुमच्याच फायद्याचं. ३४व्या वर्षी एक कोटीची टर्म ६० पर्यंत घेतली तर बीपीची वाढ धरून मी हिशेबात वर्षाला १५,००० पकडलेत. प्रत्यक्षात कंपनी बदलली की हजार-दोन हजार इकडेतिकडे होतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेव्हा त्याआधीचे कोटेशन कुणी दाखवलं तर ते जुनं समजा.

टर्मची मुदत ७५ किंवा ८५ पर्यंत ओढण्याचा आग्रह होईल. गरज नाही. साठीला तुमच्या पगारावर कुणी अवलंबून नसेल.

एका बाबतीत मात्र एंडोमेंट टर्मपेक्षा सरस आहे, आणि तुमच्यासारख्या खासगी नोकरीत ती शक्यता मृत्यूपेक्षा जास्त जवळची आहे. समजा नोकरी गेली आणि हप्ते थकले. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते. त्या तीस दिवसांत काही झालं तर थकलेला हप्ता कापून पूर्ण क्लेम मिळतो. एकतिसाव्या दिवशी टर्म लॅप्स झालेली असते आणि घरच्यांना एक रुपयाही मिळत नाही. तुमची एंडोमेंट मात्र पेड-अप होते. एकवीसपैकी चार हप्ते भरलेत, म्हणून १० लाखांचे १,९०,००० आणि जमा बोनस १,८०,०००, असे ३,७०,००० कायम राहतात. तुम्ही गेलात तर तेव्हा, नाहीतर मुदतीअखेर. पुढचा बोनस लागत नाही. यावरून तंगीच्या वर्षी काय थांबवायचं ते ठरवून ठेवा: एंडोमेंटचे ५२,००० थांबवा, टर्मचे १५,००० काही झालं तरी भरा. बंद पडलेली पॉलिसी पाच वर्षांपर्यंत पुन्हा चालू करता येते, पण तेव्हा तब्येतीची चौकशी होऊ शकते आणि कलम ४५ ची तीन वर्षं त्या तारखेपासून नव्याने मोजली जातात.

अपघाताने अपंगत्व आलं आणि जीव वाचला, तर साधी टर्म काहीही देत नाही. अपघाती अपंगत्वाचा रायडर थोड्या पैशांत मिळतो, तो जोडून घ्या. गंभीर आजाराचा रायडर महाग पडतो. आधी स्वतःचा आरोग्यविमा आहे का ते बघा.

आता मुलीच्या नावाची पॉलिसी. मामांना एवढंच विचारा की त्यात विमा कोणाच्या आयुष्यावर आहे. मुलीच्या आयुष्यावर असेल तर तुम्ही गेल्यावर त्यातून काहीच मिळणार नाही, उलट हप्तामाफीचा रायडर नसेल तर तुमच्या पत्नीला ते ३०,००० दरवर्षी भरत राहावं लागेल. याच तीस हजारांतून टर्मचे १५,००० निघतात. उरलेले १५,००० सुकन्या समृद्धी खात्यात टाका. सध्या त्यावर ८.२ टक्के व्याज आहे, पैसे पंधरा वर्षं भरायचे आणि खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी पूर्ण होतं. हाच दर राहिला तर मुलगी पंचवीस वर्षांची होईल तेव्हा सात लाखांच्या थोडे वर होतील. दर सरकार तिमाहीला ठरवतं, म्हणून या आकड्याला फार घट्ट धरू नका.

टर्मचा अर्ज करताना एक चौकट हमखास सुटते: विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा १८७४ चा कायदा. त्याखाली पॉलिसी घेतली तर क्लेमचे पैसे पत्नी आणि मुलीच्या विश्वस्त निधीत जातात, तुम्हाला कर्ज देणाऱ्यांना त्यांवर जप्ती आणता येत नाही. हे अर्ज करतानाच करावं लागतं, नंतर जोडता येत नाही, आणि एकदा लाभार्थी लिहिले की बदलता येत नाहीत. घरकर्जात पत्नी सहकर्जदार असेल तर तिच्या वाट्याचं देणं मात्र उरतंच, तेव्हा कर्जाची कागदं एकदा काढून बघा.

एंडोमेंटचा पाचवा हप्ता वेळेवर भरा. टर्मची पॉलिसी हातात आली की त्यातलं बीपीचं उत्तर तुम्ही लिहिलं तसंच छापलंय का ते तपासा. चूक दिसली तर ३० दिवसांच्या फ्री लूक मुदतीत दुरुस्त करून घ्या किंवा पॉलिसी परत करा.