रात्री वहीत काहीच सुचत नाही, तेव्हा

*मावशी, कालचं डायरीचं पान जसंच्या तसं पाठवतेय. "रात्रीचे पावणेबारा. काहीच सुचत नाही. बीकॉम होऊन दोन वर्षं झाली, आज पण कुठून फोन नाही. कंटाळा आलाय. डोकं रिकामं. अम्मा अजून सूप मांडीवर घेऊन बसलीय. आज हजारात साठ विड्या छाट निघाल्या म्हणे, आणि पानं कमी पडली म्हणून शंभराची विकत आणली. मग उरलं काय? जाऊदे. झोप येत नाही." रोज असंच होतं, चार ओळी आणि वही बंद. पुढं लिहू काय?*
*— पूर्व भागातली एक मुलगी, सोलापूर*

पोरी, तुझं पान मी तीनदा वाचलं. वही तू चुकीच्या जागी बंद केलीस गं, "मग उरलं काय?" ह्या प्रश्नानंतर "जाऊदे" लिहिलंस बघ, तिथंच.

पहिल्या ओळी परत बघ. सुचत नाही, कंटाळा आलाय, डोकं रिकामं, हे सगळे निकाल आहेत आणि निकाल लागला की पुढं बोलायला काही उरत नाही, म्हणून पेन थांबतं. पण अम्माच्या सुपाकडं नजर गेली तशी तुझ्याही नकळत आकडे आले, साठ आले, शंभर आले, आणि आपोआप प्रश्न पडला. मी तीस वर्षं रोज रात्री वही लिहिते. जे वाक्य लिहिल्यावर उठून काहीतरी बघावंसं किंवा कुणाला तरी विचारावंसं वाटतं तेच धरायचं, एवढंच मला कळलंय, आणि अशा रात्री ते बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या ओळीनंतरच येतं, म्हणून पहिल्या रडक्या ओळी खोडत बसू नकोस, त्या असू देत.

आता तुझंच वाक्य धरून पुढं जाऊ. हजारात साठ छाट, म्हणजे तपासताना नापास करून बाजूला काढलेल्या विड्या, शेकडा सहा झाल्या. तुला कॉस्टिंगच्या पेपरात प्रोसेस अकाऊंट होतं ना, त्यात नॉर्मल लॉस आणि अ‍ॅबनॉर्मल लॉस वेगळे दाखवायचे, आठवतं? तोच प्रश्न तुझ्या घरात जमिनीवर मांडी घालून बसलाय. ह्या साठातल्या किती विड्या कुणीही वळल्या तरी गेल्याच असत्या, आणि किती पान खराब आलं म्हणून गेल्या? अम्माला विचार. तेंदूचं पान नीट भिजलं नाही, कोरडं राहिलं, की वळताना चिरतं, आणि आधीच फाटकं-भोकाचं आलं तर फर्म्याच्या मापानं कापताना अर्धं वाया जातं, म्हणून तर कारखान्यातून हजार विड्यांसाठी दिलेलं पान हजाराला पुरत नाही. तंबाखूची भरण सैल पडली किंवा दोरा सुटला तर ती गोष्ट हाताची, रात्री उशिरा दमल्यावर होणारी. छाट विड्या परत मिळत असतील तर सुपात पसरून दिव्याखाली बघ, चिरलेल्या एकीकडं, सैल दुसरीकडं, मग मोज. मिळत नसतील तर विड्या तपासणारा चेकर काय म्हणाला ते अम्माच्या शब्दात लिही.

मग रोज वहीत चारच गोष्टी लिही: पान कसं आलं, विड्या किती वळल्या, छाट किती, पदरचे किती रुपये गेले. सात रात्री. मजुरी त्या दिवशी हातात नाही आली तरी चालेल, ती आठवड्याला लिही. एका दिवसाच्या साठावरून काहीच म्हणता येत नाही, त्या दिवशी अम्माला ताप असेल, काही पण असेल. पण कोरडं पान आलं त्याच दिवशी दरवेळी छाट वाढली असं दिसलं तर तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुझ्याच हातात आलं. शेजारच्या काकूंकडं तेच पान येत असेल तर त्यांचाही आकडा विचार, एकाच घरावरून पानाला दोष देता येत नाही.

एक सांभाळ. रात्री बारा वाजता ह्यातून नोकरी मिळेल का, गल्लीतल्या सगळ्या बायकांचे हिशोब ठेवायचं काम काढू का, असले विचार येणारच, ते एका ओळीत लिही आणि तिथंच सोड, सकाळी चहा पिताना वाच. रात्री अशा गोष्टी एकतर फार मोठ्या वाटतात नाहीतर पार फालतू, दोन्ही खरं नसतं. आणि कारखान्यात जाऊन लगेच भांडू नकोस, एका दिवसाच्या आकड्यावर कुणी ऐकणार नाही, उलट अम्माचं काम अडेल.

झोपेचं तू लिहिलंयस म्हणून सांगते, ती अशीच पंधरा दिवस येत नसेल, जेवण जात नसेल किंवा जगणंच नकोसं वाटत असेल तर वही बाजूला ठेव आणि 14416 ला फोन कर, टेलिमानसचा आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं.

आज रात्री पहिली ओळ "सुचत नाही" आली तरी येऊ दे. दुसरी ओळ अम्माला विचारून लिही, आजचं पान कसं होतं. आठव्या दिवशी छाट कुठल्या वारी जास्त निघाली ते मला कळव.

— मावशी