काल दुप्पट झालेला ऑप्शन आज स्वस्त नसतो

प्रश्न: काल दुप्पट झालेले स्वस्त ऑप्शन पाहिले की राहवत नाही, मग दिवसभर सौदे होत राहतात. कोणते नियम पाळावेत?

माझे मेहुणे आजही म्हणतात, "प्रीमियमच एवढासा, जाऊन जाऊन जाणार किती?" यावरून आमची कायम जुंपते. त्यांना मांडून दाखवलेला हिशेबच इथे देतो.

समजा निर्देशांक २०००० वर आहे, एक्स्पायरीला तीन दिवस आहेत आणि २०३०० चा कॉल २६ ला आहे. दुसऱ्या दिवशी निर्देशांक १५० अंकांनी उसळला, त्या धांदलीत इम्प्लाइड व्होलॅटिलिटी १४ वरून १६ टक्क्यांवर गेली आणि कॉल ५४ झाला. मेहुण्यांच्या नजरेत तो आत्ता भरतो, कारण सर्वाधिक वाढलेल्यांच्या यादीत तो वर आलेला असतो. ते ५४ ला घेतात. तिसऱ्या दिवशी निर्देशांक जागचा हलला नाही आणि व्होलॅटिलिटी पुन्हा १४ वर आली, तर तोच कॉल साधारण २० वर येतो.

"आणि पुन्हा १५० चढला तर?" असं त्यांनी विचारलंच. तर ७१ च्या आसपास. म्हणजे कालच्याइतकीच तेजी पुन्हा आली तरी पैसे दुप्पट होत नाहीत, जेमतेम एक तृतीयांश वाढतात. हे त्यांना पटलं. तरी दुसऱ्या सकाळी तीच यादी उघडून बसले, म्हणून नुसता हिशेब पुरत नाही.

नियम असा हवा की बटण दाबण्याआधी तो पाळला की मोडला हे स्पष्ट दिसेल. "मन आवरेन" हा नियमच नव्हे. जो स्ट्राइक आदल्या रात्री कारणासकट वहीत लिहिलेला नाही, तो मी घेत नाही. त्या यादीकडे मग बघायचं कारणच उरत नाही. आणि दिवसाला दोनच सौदे, नफा होवो की तोटा. २० च्या ऑप्शनला खरेदी आणि विक्रीच्या भावात एका अंकाची फट असेल, तर दर फेरीत ५ टक्के तिथेच जातात, दलाली वेगळी. मेहुणे दुपारपर्यंत पाच-सहा फेऱ्या मारतात, आणि तिसरीपासून पुढच्या सगळ्या मागचं वसूल करायलाच असतात.

आता हेही खरं, की मोठी घोषणा समोर असेल तर व्होलॅटिलिटी दुसऱ्या दिवशी उतरत नाही आणि वाढलेला ऑप्शन आणखी पळू शकतो. हेजसाठी घेणाऱ्यांची गोष्टही वेगळी. पण तुम्ही त्यातले आहात असं प्रश्नावरून वाटत नाही. ब्रोकरकडून सौद्यांचं स्टेटमेंट काढा, आदल्या दिवशी उसळलेले ऑप्शन घेतले तेवढेच वेगळे करा आणि खर्चासकट बेरीज मारा. मेहुण्यांना मी हेच कधीपासून सांगतोय.