ताप चढताना थंडी का वाजते?

अंग तापलेलं असतं, तरी हुडहुडी का भरते? आणि तापाचा शरीराला उपयोग काय?

शरीराचं तापमान किती ठेवायचं, हे मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरवतो. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी रसायनं सोडतात आणि तिथला आकडा ९८ फॅरनहाइटवरून, समजा, १०२ वर जातो. अंग अजून ९९ वरच असतं, म्हणून मेंदूला ते गार वाटतं. हातपाय थंड पडतात, स्नायू कुडकुडून उष्णता तयार करतात. त्या उष्णतेत पांढऱ्या पेशी चपळ होतात. नाकाच्या गारव्यात फोफावणारे सर्दीचे बरेच विषाणू मंदावतात. पॅरासिटामॉल तो आकडा खाली आणतं, मग दरदरून घाम फुटतो. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र १००.४ ताप आला तरी लगेच डॉक्टरकडे न्या.