टोपणनाव कुठे थांबवायचं: नव्या वर्गशिक्षकांना सल्ला

वर्गात टोपणनावं पडणारच, सरसकट बंदी घालू नका. मुलानं काय केलं त्यावरून पडलेलं नाव सहसा चालतं. कबड्डीत सारखा निसटणारा 'मासोळी' झाला, तर तो स्वतःच ते वहीवर मिरवतो. रंग, जाडी, तोतरेपणा, जात यांवरून पडलेलं नाव मात्र पहिल्याच दिवशी थांबवा, मूल हसत असलं तरी. पुष्कळ मुलं विषय संपावा म्हणून हसतात. हाक आली की मान खाली जाते का, डबा एकट्यानं खातो का, ते बघा. दुसऱ्या वर्गातली पोरं ओरडू लागली की 'मासोळी'सुद्धा बोचतं. सगळ्यांसमोर विचारलंत, तर तो 'चालतं सर' असंच म्हणेल. मधल्या सुट्टीत एकट्याला विचारा. आणि तुम्ही स्वतः कायम खरं नावच घ्या.