मोफत डेमो वर्गाचे कॅप्शन : तारीख आणि नोंदणी कशी लिहावी?

प्रश्न : "आमच्या क्लासचा एमपीएससीसाठी मोफत डेमो वर्ग आहे. इन्स्टाग्रामवर कॅप्शन कसे लिहू? तारीख आणि नोंदणीची माहिती कुठे द्यावी?"

इन्स्टाग्रामवर कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात आणि उरलेला मजकूर 'more' दाबल्यावर उघडतो. त्यामुळे परीक्षा, विषय, वार, तारीख, वेळ आणि ठिकाण हे सारे पहिल्याच वाक्यात आले पाहिजे. "स्वप्न साकार करण्याची सुवर्णसंधी" अशी सुरुवात केली, तर विद्यार्थ्याला नेमके हवे तेच दुमडलेल्या भागात जाते. पुण्यातील एका वर्गासाठी मी असे लिहीन :

> संयुक्त पूर्व परीक्षा : बुद्धिमत्ता चाचणीचा मोफत डेमो वर्ग, रविवार, १४ जून २०२६, सकाळी १० वाजता, सदाशिव पेठ, पुणे.
> दिशा आणि नातेसंबंध या घटकांवरील प्रश्न कमी वेळात कसे सोडवावेत, हे दीड तासात शिकवले जाईल. वर्ग आणि छापील प्रश्नसंच मोफत. पुढे प्रवेश घेण्याचे बंधन नाही. जागा ६०. नोंदणी शुक्रवार, १२ जून, रात्री ८ वाजेपर्यंत. नोंदणीसाठी बायोमधील लिंक उघडा.

"या रविवारी" असे कधीही लिहू नका. काही वर्षांपूर्वी मी एका क्लाससाठी तसे लिहिले होते. तो मजकूर विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरत राहिला आणि पुढच्या रविवारी काही मुले बंद दारापाशी येऊन परत गेली. त्यांतली काही तर बाहेरगावाहून आली होती, याचे मला आजही वाईट वाटते. वार आणि तारीख दोन्ही लिहिल्यास आणखी एक फायदा होतो : एकात चूक झाली, तर दिनदर्शिकेशी ताडताना ती लगेच सापडते.

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधील लिंक दाबून उघडत नाही, म्हणून ती बायोमध्येच ठेवावी. लांबलचक अर्जापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपची लिंक सोपी पडते :

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=डेमो
```

एक्सच्या जागी तुमचा दहा अंकी क्रमांक लिहा. आधी अधिक चिन्ह किंवा शून्य लावू नका. लिंक दाबताच 'डेमो' हा शब्द आधीच लिहिलेला संवाद उघडतो आणि विद्यार्थ्याला फक्त तो पाठवायचा असतो. प्रसिद्ध करण्यापूर्वी दुसऱ्याच्या फोनवरून लिंक एकदा उघडून पाहा, कारण एक अंक चुकला तरी सगळी नोंदणी भलत्याच माणसाकडे जाते. 'जागा ६०' हा आकडा बैठकव्यवस्था खरोखर तेवढीच असेल तरच लिहावा, आणि जागा भरल्यावर कॅप्शन संपादित करून तसे नोंदवावे.

निवडीची हमी मात्र कुठेही देऊ नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली असून त्यांनुसार असे दावे दिशाभूल करणारे ठरतात. यशस्वी उमेदवाराचे नाव किंवा छायाचित्र वापरायचे असेल, तर निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती घ्यावी लागते आणि त्याने तुमच्याकडे कोणता अभ्यासक्रम केला होता, हेही सांगावे लागते.