सांगताना परतीची तारीखही सांग

प्रिय मुली,

काल रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी चहा घेताना वाचला. तेरावा आठवडा लागलाय, सोनोग्राफी नीट झाली, घरच्यांना कळलंय, ऑफिसात मात्र कुणालाच नाही. "सांगितलं की नोव्हेंबरचं रिलीज माझ्या हातून जाणार, आणि परत येईन तेव्हा मला जागाच उरलेली नसेल," असं तू लिहिलंस. ही भीती उगाच आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या बाबतीत ती खरी ठरली होती.

2011 मधली गोष्ट. पुण्यातच एका कंपनीत पेमेंटचं मॉड्यूल मी दीड वर्ष सांभाळत होते. मी बातमी सांगितली तेव्हा आमच्या लीडला मनापासून आनंद झाला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी रात्रीच्या क्लायंट कॉलमधून माझं नाव काढलं. "आता दगदग करू नकोस," म्हणाले. मला बरंच वाटलं, कारण रात्री दहानंतर माझ्याने बसवत नव्हतं. पण डिझाइनचे सगळे निर्णय त्याच कॉलवर होत. आठवडाभरात ते मला दुसऱ्या दिवशी ऐकून कळायला लागले, महिन्याभराने तेही कुणी सांगेना, आणि सातव्या महिन्यात माझ्याकडे फक्त युजर मॅन्युअल उरलं. तेव्हा रजा 12 आठवड्यांची होती. परत आले तर मॉड्यूल मीच शिकवलेल्या मुलाकडे कायमचं गेलं होतं. त्यात त्याची काही चूक नव्हती. कुणी मला मुद्दाम बाजूला केलं नव्हतं, सगळे माझी काळजीच घेत होते. "रात्रीचा कॉल नको, पण डिझाइनची चर्चा संध्याकाळी सहाला ठेवा, मी असेन," एवढं एक वाक्य मी त्या लीडला बोलायला हवं होतं. ते मी बोलले नाही.

म्हणून तुला आधी हे सांगते की, कायदा तुझी नोकरी चांगली राखतो, पण तुझं काम राखायला तो पुरा पडत नाही. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. आता सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तेवढीच आहे. प्रसूतीच्या तारखेआधीच्या 12 महिन्यांत तू 80 दिवस काम केलेलं असलं की ती तुझा हक्क आहे. या रजेवर असताना किंवा या रजेमुळे तुला काढून टाकता येत नाही, आणि रजेच्या काळात तुझ्या नोकरीच्या अटी तुझ्या तोट्याच्या होतील अशा बदलताही येत नाहीत. पण कुठल्या मॉड्यूलवर कोण, रिलीज कोण चालवणार, रेटिंग किती, यातलं काही कायद्यात नेमकं लिहिलेलं नाही. ती राखण तुला स्वतःला करावी लागेल, आणि ती कागदावर होते.

कागदावर सगळ्यात आधी तारखा मांड. डॉक्टरांनी 9 नोव्हेंबर दिली आहे. प्रसूतीआधी जास्तीत जास्त 8 आठवडे घेता येतात, म्हणजे 14 सप्टेंबरपासून. तसं केलंस तर 26 आठवडे 14 मार्चला संपतात. तू म्हणतेस 11 ऑक्टोबरपर्यंत काम करायचं. मग रजा 11 एप्रिलला संपेल आणि 12 एप्रिलला तू कामावर. आता तुमच्या अप्रेझलचं वर्ष बघ. ते एप्रिल ते मार्च आहे आणि रेटिंग मार्चअखेरीस ठरतं. म्हणजे तुझ्या वर्षाचा निकाल तू घरी असताना लागणार. नोव्हेंबरच्या रिलीजपेक्षा मला याची जास्त धास्ती वाटते, आणि तुझ्या अख्ख्या मेसेजमध्ये याचा उल्लेखच नव्हता.

आईला तू सातव्या महिन्यातच माहेरी यायला हवी आहेस, हे मला माहीत आहे. तो निर्णय तुझ्या तब्येतीवर आणि तुझ्या डॉक्टरांच्या शब्दावर घे. रक्तदाब वाढला किंवा डॉक्टर विश्रांती म्हणाले तर हा सगळा हिशेब बाजूला ठेव. फक्त एक, रजेची तारीख हलली की परतीची तारीखही हलते, तेव्हा दोन्ही एकत्र कळव.

कधी सांगायचं? अमुक आठवड्यातच सांगा असं बंधन नाही. गेल्या वर्षाचं इन्क्रिमेंटचं पत्र या महिन्याच्या शेवटी येणार आहे ना? ते हातात पडेपर्यंत थांब. यात फसवणूक नाही, ते गेल्या वर्षाच्या कामाचं आहे. पण त्याच्या पुढे ताणू नकोस, कारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रिलीजचं प्लॅनिंग आहे. तिथे तुझं नाव लिहिलं गेलं आणि मग तू सांगितलंस तर मॅनेजरला सगळं पुन्हा मांडावं लागेल, आणि त्या वैतागात ते तुला विचारून मांडणार नाहीत. जूनचा पहिला आठवडा बरोबर आहे. मात्र या आधी कुणी तुला ऑनसाइट किंवा रात्रपाळी द्यायला निघालं, तर त्याच दिवशी सांगून टाक. आणि मॅनेजरला पहिल्यांदा कळू दे. कँटीनमध्ये मैत्रिणीला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत मजलाभर होते. एचआरला त्यानंतर कळव.

पंधरा मिनिटं माग, खोलीचं दार लावून बस. बातमी एका वाक्यात दे, अभिनंदन होऊ दे, आणि त्याच बैठकीत पुढचं बोल. "मी 11 ऑक्टोबरपर्यंत आहे आणि 12 एप्रिलला परत येतेय. रिलीजचं डिझाइन आणि पहिली दोन टेस्टिंग सायकल माझ्याच वेळेत होतात, ती मी चालवते. शेवटच्या महिन्यासाठी जोडीला कोण, ते आताच ठरवू या. रात्री नऊनंतरचे कॉल मला जमणार नाहीत, डिझाइनची चर्चा त्याआधी ठेवा." बघ, काय जमणार नाही तेही तूच सांगतेस. तू नाही सांगितलंस तर समोरचा माणूस चांगल्या मनाने अंदाज बांधतो, आणि त्याचा अंदाज नेहमी गरजेपेक्षा जास्त काढून घेणारा असतो. त्याच संध्याकाळी हेच चार मुद्दे मेलवर पाठव, "आज बोललो त्याप्रमाणे" अशी सुरुवात करून. मेल गोड लिही, पण लिहीच.

मग हँडओव्हर. माझ्या 2011 च्या शीटमध्ये दोनच रकाने होते, काम आणि कुणाकडे दिलं. तिसरा रकाना नव्हता, म्हणून जे गेलं ते गेलंच. तू तिसरा रकाना कर, "कधीपर्यंत". काही कामं तू जायच्या आधी संपतील, तिथे "पूर्ण" लिही. काही खरोखर कायमची द्यायची असतील, ती मोकळ्या मनाने दे. तुझ्याकडच्या जुन्या रिपोर्टिंगच्या कटकटी द्यायला ही चांगली वेळ आहे. पण डिझाइनची मालकी, क्लायंटशी थेट बोलणं आणि कोड रिव्ह्यूची शेवटची संमती, या तीन ओळींपुढे "12 एप्रिलपर्यंत" असंच हवं. तुझ्या जागी येणाऱ्या मुलालाही ती शीट वाचू दे. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असलं की काम परत द्यायचं आहे, तर एप्रिलमध्ये त्याला काही हिसकावल्यासारखं वाटणार नाही. त्या सहा महिन्यांनंतर त्याला काय मिळणार, हेही मॅनेजरला विचारून ठेव. ते ठरलेलं नसलं की तो तुझं काम सोडणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

आता रेटिंग. एप्रिल ते 11 ऑक्टोबर हे सहा महिन्यांहून थोडं जास्त काम आहे. जायच्या आधीच्या दोन आठवड्यांत स्वतःचं मूल्यमापन लिहून सिस्टिममध्ये टाक. मार्चमध्ये मांडीवर चार महिन्यांचं बाळ असताना ते नीट लिहून होत नाही. नुसतं "डिझाइन केलं" नको, कुठला दोष कुठल्या सायकलमध्ये पकडला, क्लायंटने कशाला होकार दिला, ते लिही. मॅनेजरकडून सहामाहीचा अभिप्राय लेखी घे. आणि स्पष्ट विचार, "मी केलेल्या महिन्यांवर मोजणार, की पूर्ण वर्षाच्या टार्गेटवर?" पूर्ण वर्षाच्या टार्गेटवर सहा महिन्यांचं काम मोजलं तर ते अर्धंच दिसणार, आणि "चांगली आहे, पण वर्षभर नव्हती" म्हणून तू एक पायरी खाली जाशील. उत्तर गोलमोल आलं तर एचआरला तोच प्रश्न मेलवर विचार. मार्चमध्ये भांडण्यापेक्षा सप्टेंबरमध्ये विचारणं सोपं जातं.

रजेत सहा आठवडे तरी फोन लागता कामा नये. प्रसूतीनंतरच्या त्या काळात तुला कामाला लावायला कायद्यानेच मनाई आहे, तेव्हा "एकच छोटी शंका" म्हणून कॉल आला तरी घेऊ नकोस. एक फोन मात्र तू स्वतः कर, 1 मार्चला. तेव्हा रजेचे 20 आठवडे झालेले असतील आणि रेटिंगची बैठक व्हायची असेल. तीन गोष्टी विचार: शीटमधलं काही बदललं का, माझं रेटिंग कुठे पोचलं, आणि 12 एप्रिलला मी कशावर बसणार. मधल्या काळात प्रोजेक्टच बंद झाला असेल तर ते तुला इथेच कळेल, आणि दुसरं काम शोधायला सहा आठवडे मिळतील. पहिल्या दिवशी थेट बेंचवर बसावं लागणार नाही. घरून काम हवं असेल तर तेही याच फोनवर माग. ते दोघांच्या संमतीने देता येतं, पण कंपनीवर सक्ती नाही.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यात तुझा पासवर्ड चालणार नाही, तीन मीटिंगांचं आमंत्रण नसेल, निम्मी नावं अनोळखी असतील. त्याने खचू नकोस, ते तर पंधरा दिवसांत बसतं. खरी खूण महिन्याभराने बघायची. हातात असं एखादं काम आहे का, जे चुकलं तर तुला विचारलं जाईल? नसेल तर तुला बाजूला ठेवलंय, कितीही प्रेमाने असो. तेव्हा ती शीट उघडून मॅनेजरसमोर ठेव. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज दूध पाजायच्या दोन सुट्ट्या तुझ्या आहेत, जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त. 50 किंवा जास्त माणसांच्या ऑफिसात पाळणाघर हवं, आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा. हिरकणी कक्ष कुठल्या मजल्यावर आहे, ते आताच बघून ये. आमच्याकडे तो होता, पण त्याची किल्ली सिक्युरिटीकडे असायची आणि सिक्युरिटीवाले जेवायला गेलेले असायचे.

आणि कधी गाडी खरंच काढून टाकण्यापर्यंत गेली, तर राजीनाम्यावर सही करू नकोस. "तूच दे, म्हणजे रेकॉर्ड चांगलं राहील," असं गोड बोलून तो मागतात. स्वतःहून दिलेल्या राजीनाम्यानंतर दाद मागणं फार अवघड होतं. काढल्याचं पत्र लेखी माग. ते मिळाल्यापासून 60 दिवसांत अपील करता येतं, आणि सुरुवात कामगार आयुक्तांच्या कार्यालयापासून होते.

शनिवारपर्यंत तारखा आणि तीन रकान्यांची शीट तयार करून मला फोटो पाठव, मी बघते. मॅनेजरबरोबरची बैठक दुपारी ठेव. सकाळी अजून मळमळतंय म्हणालीस ना.

तुझी,
ताई