पीएच ५ चा ॲसिटेट बफर: बाटलीवरचं लेबल आधी वाचा

इन्व्हर्टेजच्या प्रयोगासाठी पीएच ५.० चा ०.१ मोलर बफर ५०० मिली हवाय. आम्ल कोणतं घेऊ, आणि आम्ल-मीठ किती ते कसं काढू?

ॲसिटिक ॲसिड घ्या. त्याचा पीकेए ४.७६, म्हणजे तुमच्या ५.० च्या अगदी शेजारी. फॉर्मिकचा ३.७५ आहे. ते घेतलं तर मीठ आम्लाच्या जवळजवळ अठरापट लागेल, आणि एवढंसं आम्ल शिल्लक असलेला बफर थोडा अल्क पडला तरी ढळतो. पीकेए हव्या त्या पीएचपासून एकापेक्षा जास्त लांब असेल, तर ते आम्ल सोडून द्यायचं.

आता हिशोब.

```
pH = pKa + log([A-]/[HA])
```

५.० मधून ४.७६ वजा केले की ०.२४ उरतात. १० चा ०.२४ वा घात १.७४, म्हणजे एक मोल आम्लामागे १.७४ मोल ॲसिटेट. ०.१ मोलर म्हणजे आम्ल आणि मीठ दोन्ही मिळून. अर्ध्या लिटरात एकूण ०.०५ मोल. त्याची १.७४ ला १ अशी वाटणी केली की ॲसिटेट ०.०३१७ मोल आणि आम्ल ०.०१८३ मोल येतं. ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड साधारण १७.४ मोलर असतं, म्हणून ते १.०५ मिली.

मीठ तोलण्याआधी मात्र लेबल वाचा. सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट असेल (रेणुभार १३६) तर ४.३२ ग्रॅम, अनहायड्रस असेल (८२) तर २.६० ग्रॅम. एमएस्सीला असताना मी ट्रायहायड्रेटच्या बाटलीतून बिनधास्त २.६० ग्रॅम तोललं होतं. मीटर ४.७ च्या आसपास दाखवत होता आणि मी अर्धा दिवस इलेक्ट्रोडला दोष देत बसलो.

सगळं बरोबर तोललं तरी मीटरवर ५.० नाही, ४.९ च्या जवळपास दिसेल. घाबरू नका. ४.७६ हा आकडा अगदी विरळ द्रावणाचा. एवढ्या आयनांच्या गर्दीत पीकेए प्रत्यक्षात ४.६७ च्या आसपास उतरतो. म्हणून मीठ आणि आम्ल आधी ४५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा, ४ आणि ७ च्या बफरनं मीटर कॅलिब्रेट करून घ्या, आणि १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबानं घालत ५.० वर आणा. दोन-अडीच मिलीत काम होतं. पाच मिली घालूनही पीएच पोचत नसेल तर घालणं थांबवून बाटली पुन्हा बघा, कारण चूक तोलण्यातच असणार. पाणी घालून ५०० मिलीच्या खुणेपर्यंत नेणं सगळ्यात शेवटी.

ग्लेशियल ॲसिड फ्यूम हूडमध्येच काढा आणि पिपेट तोंडानं ओढू नका. थंडीत बाटलीत ते गोठलेलं दिसलं तर खराब झालंय असं समजू नका. १६-१७ अंशांखाली ते गोठतंच. कोमट पाण्यात बाटली ठेवून पूर्ण वितळलं की मग मोजा.